दोन पानं धरा, तिसऱ्याचं नाव घ्या: सेट शोधायची पद्धत

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरी रविवारी दुपारी सेट या पत्त्यांच्या खेळाचा डाव बसतो. चार-पाच पोरं, दोन निवृत्त काका आणि मी. शेजारची पोरं कानडी शाळेत जातात, माझी भाची मराठी शाळेत, त्यामुळे टेबलावर दोन्ही भाषा चालतात. कुणीतरी "सेट!" म्हणून ओरडतं, तीन पानांवर हात मारतं, आणि दुसऱ्याच क्षणी समोरून शांतपणे येतं, "एरडु-ओंदु." दोन-एक. म्हणजे तुझा सेट गेला.

गेली दोन वर्षं मी हेच बघतोय. माणसं नियम पाठ म्हणून दाखवतात आणि पानं उचलताना नेमका तोच मोडतात. नियम अवघड नाही, शोधायची रीत चुकते. म्हणून इथे फक्त रीतच लिहितो, आणि पुढे बारा पानांची एक पूर्ण मांडणी सोडवून दाखवतो. सोबत कॅट असेल तर ती बारा पानं काढून पुढे मांडा. नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

## नियम, एकदाच

प्रत्येक पानावर चार गोष्टी बघायच्या: आकृत्या किती (१, २ किंवा ३), रंग कोणता (लाल, हिरवा, जांभळा), आतली भरण कशी (भरीव, पट्टेरी, पोकळ) आणि आकार कोणता. आकाराला आमच्याकडे चौकट, लंबगोल आणि अळी म्हणतात. ती तिसरी नागमोडी आकृती पोरांना पहिल्या दिवसापासून अळीच वाटली, आता मलाही वाटते.

तीन पानांचा सेट होतो तो असा: चारही गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या, आणि प्रत्येक गोष्ट तिन्ही पानांवर एकतर अगदी सारखी हवी, नाहीतर तिन्हींवर निरनिराळी हवी. एका गोष्टीत जरी दोन पानं सारखी आणि एक वेगळं निघालं, की सेट नाही.

इथे एक गैरसमज आधीच काढून टाकू. पुष्कळांना वाटतं की सेटमध्ये काहीतरी सारखं असायलाच हवं. तसं काही नाही. चारही गोष्टी निरनिराळ्या असलेला सेट पूर्ण वैध असतो. उलट चारही गोष्टी सारख्या असणं शक्यच नाही, कारण कॅटमध्ये एकसारखी दोन पानं नसतात.

## टप्पा १: कॅट आणि उजेड

विकतचा कॅट असेल तर पानं मोजा, ८१ हवीत. घरी करणार असाल, आणि आमच्याकडे दोनपैकी एक कॅट घरचाच आहे, तर मनाला येईल तसं रंगवायला बसू नका. मधेच एक पान दोनदा होतं आणि एक राहून जातं. एक रंग घ्या. त्या रंगाची भरीव नऊ पानं करा: तीन चौकटीची, तीन लंबगोलाची, तीन अळीची, प्रत्येकात १, २, ३. मग तशीच नऊ पट्टेरी, मग नऊ पोकळ. झाली २७. रंग बदला आणि पुन्हा तेच. छापखान्यात व्हिजिटिंग कार्डाचा जाड कागद त्या मापात कापून मिळतो, तो बरा. पाठीमागून रंग दिसणारा कागद घेऊ नका.

तपासा: रंगानुसार गठ्ठे लावा, प्रत्येकी २७ हवीत. मग सगळी एकत्र करून आकारानुसार लावा, पुन्हा २७-२७-२७. भरण आणि संख्येचंही तसंच. कुठे २६ आणि २८ आलं तर एखादं पान चुकून दुसऱ्या प्रकारचं रंगवलंय.

उजेडाचं सांगायचं तर पिवळ्या बल्बाखाली लाल आणि जांभळा एकमेकांत मिसळतात. आषाढात भर दुपारी अंधारून येतं, वीज जाते, मग इमर्जन्सी लाइटवर डाव चालू राहतो आणि निम्मी भांडणं त्याच वेळची असतात. खिडकीजवळ बसा. घोळक्यात कुणाला लाल-हिरवा नीट ओळखू येत नसेल (आमच्यातल्या एका काकांना येत नाही, आणि हे त्यांना स्वतःलाच या खेळामुळे कळलं), तर पानाच्या एका कोपऱ्यात पेनाने बारीक ला, हि, जां लिहून टाका. त्याने खेळ सोपा होत नाही, फक्त समान होतो.

## टप्पा २: पान मांडण्याआधी तोंडाचा सराव

हा टप्पा सगळे टाळतात, आणि खरी चूक तिथेच आहे.

कोणतीही दोन पानं घेतली, की त्यांच्यासोबत सेट करणारं तिसरं पान एकच असतं. दोन नाही, शून्य नाही, एकच. म्हणजे टेबलाकडे बघत "तीन जुळणारी पानं दिसतायत का" हे शोधायचंच नाही. दोन पानं धरायची, तिसऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं, आणि मग ते पान टेबलावर आहे का एवढंच बघायचं.

नाव घ्यायचा क्रम कायम ठेवा: संख्या, रंग, भरण, आकार. मी हाच क्रम वापरतो, तुम्हाला दुसरा सोयीचा वाटला तर तो घ्या, पण रोज बदलू नका. प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारायचा. दोन्ही सारखी? मग तिसरीही तीच. दोन्ही वेगळी? मग तिसरी म्हणजे उरलेली.

तीन उदाहरणं बघा, सोप्याकडून अवघडाकडे.

- २ जांभळे पट्टेरी लंबगोल आणि ३ जांभळ्या पट्टेरी अळ्या. संख्या २ आणि ३, म्हणून १. रंग जांभळाच. भरण पट्टेरीच. आकार लंबगोल आणि अळी, म्हणून चौकट. हवं ते पान: १ जांभळी पट्टेरी चौकट.
- १ हिरवा भरीव लंबगोल आणि २ हिरव्या भरीव अळ्या. हवं ते पान: ३ हिरव्या भरीव चौकटी.
- ३ लाल पट्टेरी लंबगोल आणि २ हिरव्या पोकळ चौकटी. चारही वेगळ्या, म्हणून चारही उरलेल्या: १ जांभळी भरीव अळी.

आता कॅट पिसून दोघांनी समोरासमोर बसा. एकाने वरची दोन पानं उलटायची, दुसऱ्याने तिसऱ्याचं नाव घ्यायचं. वीस जोड्या करा. सुरुवातीला एका जोडीला दहा-बारा सेकंद लागतात, नंतर तीन-चारात जमतं.

इथे होणारी चूक: दोन गोष्टी बरोबर सांगून झाल्या की तिसरीला माणूस घसरतो. भरीव आणि पट्टेरी दिसतंय, सांगायचं पोकळ, आणि तोंडातून निघतं पट्टेरी, कारण ते डोळ्यांसमोर आहे. जी गोष्ट समोर *नाही* ती सांगायची असते, हेच या खेळातलं खरं काम. घसरण बहुतेक भरणीत होते, रंगात फार कमी. ज्याची घसरण भरणीत होते त्याने महिनाभर भरण पहिल्यांदा सांगायची सवय लावावी. माझ्या भाचीने तसंच केलं आणि आता ती मला हरवते.

सराव बरोबर झालाय का हे कळायची खूण सोपी आहे: नाव घेताना "अं..." कुठे येतं ते ऐका. ज्या गोष्टीला अडखळता, ती कच्ची आहे.

## टप्पा ३: बारा पानं मांडा आणि आधी मोजा

पानं चार-चारच्या तीन ओळींत मांडा, सरळ, एकावर एक न चढवता. सांगण्यासाठी मी त्यांना क्रमांक देतो. ही आमच्या टेबलावरची मांडणी:

पहिली ओळ
१. ३ लाल भरीव अळ्या
२. २ हिरव्या पोकळ चौकटी
३. २ जांभळे पट्टेरी लंबगोल
४. १ लाल भरीव चौकट

दुसरी ओळ
५. १ हिरवी पट्टेरी अळी
६. ३ लाल पट्टेरी लंबगोल
७. ३ जांभळ्या पोकळ चौकटी
८. २ हिरव्या भरीव अळ्या

तिसरी ओळ
९. २ लाल भरीव लंबगोल
१०. ३ जांभळ्या पट्टेरी अळ्या
११. १ हिरवा भरीव लंबगोल
१२. २ लाल पोकळ अळ्या

पुढे वाचण्याआधी दोन मिनिटं स्वतः शोधा. यात तीन सेट आहेत.

नवखा माणूस इथे काय करतो? डोळे टेबलभर फिरवतो. एक पान उजवीकडे आवडतं, एक डावीकडे, मग पुन्हा पहिल्याकडे. तीच त्रिकुटं चार-चारदा बघितली जातात आणि काही एकदाही नाहीत. "काका, तुम्ही नुसतं बघूलाय!" असं शेजारचं पोर आमच्या काकांना म्हणालं होतं, ते अगदी खरं होतं.

बारा पानांतून त्रिकुटं होतात २२०. ती सगळी बघायची गरज नाही. आधी एक गोष्ट मोजा. मी रंग मोजतो, कारण तो लांबूनही दिसतो. इथे लाल पाच (१, ४, ६, ९, १२), हिरवी चार (२, ५, ८, ११), जांभळी तीन (३, ७, १०).

आता सेट रंगाच्या हिशोबाने दोनच प्रकारचा असू शकतो: तिन्ही एकाच रंगाची, किंवा एक लाल, एक हिरवं, एक जांभळं. दोन लाल आणि एक हिरवं हे कधीच बघायचं नाही. टेबलावरचा बराचसा पसारा एवढ्यानेच बाजूला होतो.

सूचना: मोजल्यावर पानं हलवून रंगानुसार लावू नका. डावात तसं करायला वेळ नसतो आणि इतरांनाही आवडत नाही. डोळ्यांनीच गठ्ठे करा.

## टप्पा ४: मोठ्या गटात आधी शिरा

लाल पाच पानं घ्या. रंग तर जुळलाच आहे, म्हणून आता तीनच गोष्टी बघायच्या: संख्या, भरण, आकार. काम एक चतुर्थांशाने हलकं झालं.

एक पान खुंटा म्हणून धरा आणि बाकीची एकेक करून त्याच्याशी जोडा. मी ४ धरतो (१ भरीव चौकट).

४ आणि ६ (३ पट्टेरी लंबगोल): हवं ते पान २ लाल पोकळ अळ्या. ते आहे, क्रमांक १२. पहिला सेट: ४, ६, १२.

४ आणि १ (३ भरीव अळ्या): हवं ते पान २ लाल भरीव लंबगोल. तेही आहे, क्रमांक ९. दुसरा सेट: १, ४, ९.

४ ला ९ आणि १२ शी पुन्हा जोडायची गरज नाही, त्यांची तिसरी पानं कळून चुकली. खुंटा ४ संपला, तो डोळ्यांपुरता टेबलावरून बाजूला काढा. उरली १, ६, ९, १२. यातल्या १-९ आणि ६-१२ या जोड्यांचं तिसरं पान ४ आहे, ते झालं. राहिल्या चार जोड्या. १ आणि ६ ला हव्यात ३ लाल पोकळ चौकटी, नाहीत. १ आणि १२ ला हवी १ लाल पट्टेरी अळी, नाही. ६ आणि ९ ला हवा १ लाल पोकळ लंबगोल, नाही. ९ आणि १२ ला हव्यात २ लाल पट्टेरी चौकटी, नाहीत.

लाल गट बंद. पुन्हा त्याच्याकडे बघायचं नाही. ही शिस्त ज्याला जमते त्याचा वेग आपोआप वाढतो. "पण तिकडे काहीतरी होतं वाटतं" असं म्हणून परत फिरणं हेच वेळ खातं.

## टप्पा ५: लहान गट एका नजरेत मोडा

हिरवी चार पानं: २, ५, ८, ११. इथे जोड्या लावत बसू नका. नुसत्या संख्या वाचा: २, १, २, १. तीन आकृत्यांचं हिरवं पान एकही नाही, आणि १ ची दोनच, २ ची दोनच. यातली कोणतीही तीन उचललीत तरी संख्येत दोन-एक होणारच. हिरवा गट एका नजरेत संपला.

जांभळी तीन: ३, ७, १०. संख्या २, ३, ३. दोन-एक. संपला.

ही युक्ती फार कामाची आहे. लहान गटात बऱ्याचदा कोणतीतरी एक गोष्ट अशी सापडते जिच्या तीन प्रकारांपैकी एक गायब असतो. तो गायब आहे आणि बाकीच्या दोन प्रकारांची प्रत्येकी दोनच पानं आहेत, म्हणजे त्या गटात सेट नाही. पण एखाद्या प्रकाराची तीन पानं असतील तर घाई करू नका, त्या तिघांचा सेट असू शकतो.

## टप्पा ६: तीन रंगांचे सेट

आता उरले तीन वेगळ्या रंगांचे. सगळ्यात लहान दोन गट घ्यायचे आणि त्यांच्या जोड्या लावायच्या. जांभळी तीन, हिरवी चार, म्हणजे बारा जोड्या. प्रत्येक जोडीला एक लाल पान हवं असतं, आणि लाल पाचच आहेत, ती आता तुम्हाला पाठ झालेली आहेत. म्हणूनच मोठा गट आधी बघायचा असतो.

७ धरा (३ जांभळ्या पोकळ चौकटी) आणि हिरव्यांवरून फिरा.

२ सोबत हवी १ लाल पोकळ चौकट. टेबलावर ४ आहे, १ लाल चौकट, पण *भरीव*. नवख्याचा हात इथे हमखास जातो. नाही.

५ सोबत (१ हिरवी पट्टेरी अळी): संख्या ३ आणि १, उरले २. रंग लाल. भरण पोकळ आणि पट्टेरी, उरली भरीव. आकार चौकट आणि अळी, उरला लंबगोल. हवं ते पान २ लाल भरीव लंबगोल, क्रमांक ९. तिसरा सेट: ५, ७, ९.

यात काहीच सारखं नाही, चारही गोष्टी निरनिराळ्या. नुसतं बघून हा सेट क्वचितच दिसतो, कारण डोळा सारखेपणा शोधतो आणि इथे डोळ्याला धरायला काही मिळत नाही. नाव घेतल्यावर मात्र तो इतर कोणत्याही सेटइतकाच सोपा आहे.

८ सोबत हवा १ लाल पट्टेरी लंबगोल, नाही. ११ सोबत हव्यात २ लाल पट्टेरी अळ्या. १२ वर दोन लाल अळ्या आहेत, पण पोकळ. नाही.

३ आणि १० या जांभळ्या पानांच्या उरलेल्या आठ जोड्या तुम्ही स्वतः तोंडाने करून बघा. एकीलाही लाल पान मिळत नाही. मिळालं असं वाटलं तर बहुधा भरण चुकलीय.

म्हणजे या मांडणीत तीनच सेट. यातल्या १, ४, ९ आणि ४, ६, १२ मध्ये ४ क्रमांकाचं पान सामाईक आहे, म्हणून एक उचलला की दुसरा गेला. ज्याला जो आधी दिसला तो त्याचा.

## टप्पा ७: हात मारण्याआधीची तपासणी

एक खोटा सेट दाखवतो, कारण तो आमच्याकडे खरोखर तिघांनी उचलला होता: २, ३, ९.

२ हिरव्या पोकळ चौकटी, २ जांभळे पट्टेरी लंबगोल, २ लाल भरीव लंबगोल. संख्या दोन-दोन-दोन, छान. रंग तीन वेगळे, छान. भरण पोकळ, पट्टेरी, भरीव, छान. आणि इथे माणूस "सेट!" म्हणतो. आकार राहिला: चौकट, लंबगोल, लंबगोल. एरडु-ओंदु.

तीन गोष्टी जुळल्या की चौथी जुळलीच असेल असं मन धरून चालतं. म्हणून आमच्याकडे नियम आहे: "सेट" म्हणणाऱ्याने पानं उचलताना चारही गोष्टी मोठ्याने म्हणायच्या, प्रत्येकीला "सारखं" किंवा "वेगळं" एवढंच. "संख्या सारखी, रंग वेगळा, भरण वेगळी, आकार..." आणि आकारापाशी तोंड बंद झालं की त्याला स्वतःलाच कळतं. भांडण लागत नाही.

चुकीचा सेट उचलला तर दंड काय, हे डाव सुरू व्हायच्या आधी ठरवा. आमच्याकडे जिंकलेला एक सेट परत जातो. दंड नसेल तर पोरं अंदाजपंचे हात मारत सुटतात आणि शोधणं बाजूलाच राहतं.

## टप्पा ८: "सेट नाही" म्हणायची घाई

बारा पानांत सेट नाही असं सगळ्यांना वाटलं तर आणखी तीन पानं मांडतात. नवख्या घोळक्यात हे दर दोन मिनिटांनी होतं, आणि तिथेच समजावं की शोध कच्चा आहे. पहिल्या बारा पानांत सरासरी पावणेतीनच्या आसपास सेट असतात. एकही नसण्याचा प्रसंग सुरुवातीच्या मांडणीत तीसएक वेळांतून एकदा येतो. पुढे डाव सरकतो तसं हे प्रमाण थोडं वाढतं, कारण टेबलावरचे सेट आधीच उचलले गेलेले असतात, पण दर दोन मिनिटांनी नक्कीच येत नाही.

म्हणून "नाही" म्हणायचा हक्क त्यालाच, ज्याने गट मोजून, मोठा गट खुंटा धरून, लहान गट मोडून, मग तीन रंगांच्या जोड्या लावल्यात. वरच्या मांडणीत हे सगळं मिळून वीसेक तपासण्यांत होतं.

तीन नवी पानं आली की पुन्हा सगळं नव्याने शोधू नका. जुन्या बारांत सेट नाही हे झालंच आहे. नवा सेट असेल तर त्यात नव्या तीनपैकी किमान एक असणारच. तेव्हा नवं पान खुंटा धरा आणि बाकीच्यांशी जोडा. मग दुसरं नवं, मग तिसरं. पंधरा पानांवरून सेट उचलला की टेबल पुन्हा बारावर येतं, तेव्हा लगेच तीन नवी टाकू नका. ही चूक इतकी सरसकट होते की मी आता सवयीने मध्येच हात घालून थांबवतो.

पंधरातही नाही? क्वचितच होतं, पण होतं. आणखी तीन मांडा. जास्तीत जास्त २० पानं अशी मांडता येतात की त्यांत एकही सेट नसेल. २१ पानांत सेट असतोच.

## टप्पा ९: डाव संपल्यावर खरं-खोटं

कॅट संपला, सेट उरला नाही, टेबलावर काही पानं राहिली. ती नुसती गोळा करू नका, मोजा. सहा किंवा नऊ बहुतेकदा, कधी बारा, कधी शून्य. तीन पानं उरली आणि त्यांचा सेट होत नसेल, तर मधे कुणीतरी खोटा सेट उचललाय किंवा कॅटच बरोबर नाही. यात तिसरा पर्याय नाही.

कारण सोपं आहे. कोणत्याही खऱ्या सेटवरच्या आकृत्यांची बेरीज करा: १+१+१, २+२+२, ३+३+३ किंवा १+२+३. प्रत्येक वेळी तीनने भाग जातो. पूर्ण कॅटची बेरीज १६२, तिलाही तीनने भाग जातो. म्हणून सगळे सेट खरे असतील तर उरलेल्या पानांची बेरीजही तीनने भागली गेलीच पाहिजे. हाच हिशोब बाकीच्या गोष्टींनाही लागतो. लाल १, हिरवा २, जांभळा ३ धरा. भरीव १, पट्टेरी २, पोकळ ३. चौकट १, लंबगोल २, अळी ३. चारही बेरजांना तीनने भाग गेला तर डाव बहुधा स्वच्छ. एकीला जरी गेला नाही तर चूक नक्की झाली.

गेल्या पावसाळ्यात एका डावात वाटता वाटता शेवटी तीनऐवजी दोनच पानं हाती आली. म्हणजे कॅटमध्ये ८० होती. डाव तसाच पुढे खेळलो आणि टेबलावर आठ पानं उरली. माझी भाची कागद घेऊन बसली. संख्यांची बेरीज १६, म्हणजे तीनच्या पाढ्यात यायला २ हवेत. रंगांची १७, म्हणून १, लाल. भरणीची १८, म्हणून ३, पोकळ. आकारांची १६, म्हणून २, लंबगोल. "मामा, दोन लाल पोकळ लंबगोल हरवलाय," ती म्हणाली. शोधाशोध झाली. पान कुंद्याच्या रिकाम्या डब्याच्या बुडाला तुपाने चिकटलं होतं, आणि त्याच्यावर दोन लाल पोकळ लंबगोलच होते.